शिरस्त्राण आणि हनुवटी

दुर्गहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजेच आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53, भिलाईच्या पोटातून जातो. सुपेला, पॉवर हाऊस या गजबजलेल्या ठिकाणी तो शहराचा रस्ता असतो. पुढे कुम्हारी ओलांडली की तोच महामार्ग होतो. सेक्टरमधील घरातून स्कूटरवर निघून रोज रायपूरला नोकरीस जाणारा मनुष्य अर्ध्या तासाच्या अंतराने दोन्ही रस्ते अनुभवतो. परंतु त्याच्या डोक्यावरील हेल्मेट एकच असते. म्हणून ‘गावात उघड्या तोंडाचे, महामार्गावर बंद तोंडाचे’ हा जो सल्ला पुष्कळदा ऐकू येतो, तो येथे व्यवहारतः निरुपयोगी ठरतो. तथापि तो केवळ गैरसोयीचा नाही. त्याच्या मुळाशी असलेली समजूतच चुकीची आहे.

ही समजूत अशी, की डोक्याला बसणारा मार वाहनाच्या वेगावर अवलंबून असतो आणि गावात वेग कमी, म्हणून मारही कमी. भिंतीवर, दुभाजकावर किंवा उभ्या ट्रकवर आदळणाऱ्याच्या बाबतीत हे खरे आहे. परंतु पुष्कळ स्वार दुसऱ्या कशावर न आदळता सरळ रस्त्यावर पडतात. अशा वेळी डांबरावर डोके किती जोराने आपटेल हे मुख्यतः ते किती उंचीवरून खाली आले यावर ठरते. पुढच्या दिशेचा वेग घसरण्यात आणि खरचटण्यात खर्च होतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. दीड मीटरावरून पडलेली कोणतीही वस्तू जमिनीला ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने भिडते. स्वार सुपेल्याच्या गर्दीत रांगत असो वा कुम्हारीपुढे साठच्या वेगाने जात असो, हा आकडा बदलत नाही.

आता हेल्मेट काय करते ते पाहू. त्याच्या आतील पांढरा, थर्माकोलसारखा थर ही त्यातील खरी कामाची वस्तू होय; बाहेरचे कवच आघात पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. आघात होताच हा थर चुरडला जातो आणि डोक्याला थांबण्यास थोडे अंतर मिळते. हिशेब सोपा आहे : दीड मीटरावरून आलेले डोके दोन सेंटिमीटरात थांबले, तर पतनाचे अंतर थांबण्याच्या अंतराच्या 75 पट होते आणि मंदनही गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 75 पट होते. हे मेंदू बहुधा सोसू शकतो. तेच उघडे हाड तीन मिलिमीटरात थांबले तर आकडा 500 वर जातो. दोन सेंटिमीटर आणि तीन मिलिमीटर यांतील हा फरक म्हणजेच शिरस्त्राणाचे सारे कार्य.

ज्या भागावर हा थर नाही, त्या भागापुरते हेल्मेट नाहीच. उघड्या तोंडाच्या हेल्मेटात कपाळ, माथा, कानांच्या बाजू आणि पाठीमागचा भाग झाकला जातो. हनुवटी मोकळी राहते. मोकळी राहणारी जागा लहान आहे खरी, पण ती नेमकी पुढे आहे. आणि अचानक ब्रेक लागला, समोर गुरू आडवे आले वा रिक्षाचे दार उघडले, तर माणूस पुढेच फेकला जातो. जर्मनीतील हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठात डीटमार ओटे यांनी अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटांवरील आघातांच्या जागा नोंदविल्या आणि 1991 साली प्रसिद्ध केल्या. त्यांत सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटी आणि चेहऱ्याच्या खालच्या भागाशी आढळले. माथ्याच्या शेंड्यावर मात्र फारच थोडे. तेथील वाहने आणि रस्ते वेगळे, म्हणून हा आकडा भिलाईला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु माणूस पुढे पडताना तोंडावर पडतो, यात देशपरत्वे फरक पडण्याचे कारण दिसत नाही.

हनुवटीवरील मार केवळ दात आणि जबड्यापुरता राहत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. जबड्याची दोन्ही टोके कानांच्या पुढे कवटीच्या तळाशी सांध्याने जोडलेली आहेत. खालून आलेला जोराचा धक्का त्या वाटेने कवटीच्या तळापर्यंत पोहोचू शकतो, आणि माथ्यावरचे उत्तम हेल्मेट त्यास अडवू शकत नाही.

बंद हेल्मेटाविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात : ऐकू येत नाही आणि बाजूचे दिसत नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील 900 अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांच्या 1981 च्या अहवालात हेल्मेटामुळे रहदारीचे महत्त्वाचे आवाज बुडाल्याचा वा दृष्टिक्षेत्र संकोचल्याचा पुरावा आढळला नाही. उलट पूर्ण झाकणाऱ्या हेल्मेटामुळे चेहऱ्याच्या इजा लक्षणीय प्रमाणात कमी झालेल्या दिसल्या. बाजूचे दिसत नाही असे वाटते ते बहुधा काचेवरील ओरखड्यांमुळे किंवा मोठ्या मापाचे हेल्मेट डोक्यावर फिरत असल्यामुळे.

तिसरा आक्षेप उकाड्याचा, आणि तो मात्र खोटा नाही. मे महिन्यात येथील पारा 44–45 अंशांवर जातो, तेव्हा बंद हेल्मेटात श्वास कोंडतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या पहाटे काचेवर वाफ धरते. हनुवटीपाशी हवेची झडप असलेले हेल्मेट निवडावे, सिग्नलला काच उचलावी, एवढेच उपाय आहेत. उकाड्यामुळे ज्याचे बंद हेल्मेट घरी खुंटीवरच राहणार असेल, त्याने उघड्या तोंडाचे, काच असलेले, घेऊन पट्टा आवळून घालणे कितीतरी बरे. कारखान्यातील पिवळी टोपी मात्र रस्त्यावर घालू नये. ती वरून पडणाऱ्या वस्तूसाठी बनविलेली असते, तिचे भारतीय प्रमाणही निराळे म्हणजे 2925 क्रमांकाचे आहे. दुचाकीच्या हेल्मेटाचे 4151 होय.

बंद हेल्मेट घेताना फसवणूक होते ती हनुवटीच्या कठड्यातच. पुष्कळ स्वस्त हेल्मेटांत हा कठडा म्हणजे आतून पोकळ प्लास्टिक आणि वर मऊ स्पंजाची पट्टी असते. अंगठ्याने आतून दाबून पाहावे : स्पंज लगेच दबून कडक प्लास्टिक लागले तर तेथे काहीच नाही, स्पंजाखाली घट्ट, किंचितच दबणारा पांढरा थर लागावयास हवा. युरोपीय नियमानुसार तपासलेल्या हेल्मेटाच्या पट्ट्यावरील चिठ्ठीत ‘पी’ अक्षर असेल तर कठडा संरक्षक आहे, ‘एनपी’ असेल तर नाही, आणि ‘जे’ म्हणजे कठडा नसलेले. वर उचलता येणाऱ्या कठड्याच्या हेल्मेटावर ‘पी’ आणि ‘जे’ दोन्ही असतील तरच ते दोन्ही प्रकारे तपासलेले समजावे. त्यातही कठडा वर करून गाडी चालविणारा उघड्या हेल्मेटाचाच स्वार असतो.

बंद हेल्मेटाची एक अडचण अपघातानंतरची आहे. जमलेली माणसे जखमीस हवा मिळावी म्हणून हेल्मेट पटकन उपटतात आणि मान दुखावली असेल तर ती अधिक बिघडते. जखमीचा श्वास नीट चालू असेल तर काच उघडून रुग्णवाहिका येईपर्यंत थांबावे. श्वास अडत असेल तर मात्र दोघांनी मिळून ते काढावे : पट्टा सोडल्यावर एकाने खालच्या बाजूने मान आणि जबडा दोन्ही हातांनी धरून स्थिर ठेवावा, दुसऱ्याने डोक्याकडे बसून दोन्ही बाजू ताणून रुंद कराव्यात, कठडा नाकावरून सुटेल इतके हेल्मेट मागे कलवावे आणि मग सावकाश ओढून घ्यावे. ते निघेपर्यंत पहिल्याने हात सोडावयाचे नाहीत.