शिल्लक मालाचा आकडा आणि गादीवरच्या माणसाचा अधिकार

आमचे गोदाम भिवंडीला आहे आणि गादी मुंबईच्या कापड बाजारात. ग्रे कापड गोदामात उतरते, नोंद तिथेच टॅलीत चढते आणि सौदा गादीवर टेलिफोनवर होतो. दोहोंमधला दुवा म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता. तो गुगल शीटवर असतो आणि गादीवरचा प्रत्येक माणूस तो आपल्या मोबाईलवर पाहतो. टॅलीतले आकडे काढून तक्त्यात भरण्याचे काम गोदामातील संगणक रोज रात्री २ वाजता आपोआप करतो. या व्यवस्थेवर आम्ही काही वर्षे समाधानी होतो.

गेल्या वर्षी एका सकाळी तक्त्यात एका लॉटचे ६० तागे दिसत होते. ११ वाजता त्यातले ३५ तागे भिवंडीहून रंगाईसाठी रवाना झाले. मुनीमजींनी चलन लगेच टॅलीत चढवले, म्हणजे कसूर कुणाचीच नव्हती. पण तक्ता रात्रीचाच होता. दुपारी १ वाजता गादीवरच्या आमच्या माणसाने तो पाहून नागपूरच्या जुन्या ग्राहकाला ५० तागे कबूल केले. शिल्लक होते २५. दिलेला शब्द पाळणे भाग होते. कमी पडलेले २५ तागे, तागा १०० मीटरचा, म्हणजे २,५०० मीटर माल आम्ही बाजारातून उचलला, तोही आमच्या विक्रीच्या भावापेक्षा मीटरमागे ३ रुपये जास्त देऊन. ७,५०० रुपये नाहक गेले.

यावर पहिला उपाय सुचला तो असा की तक्ता दर पंधरा मिनिटांनी आपोआप भरावा. ऐकायला तो बरा वाटतो. पण आमचे पूर्ण काम चालायला चार मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ टॅली अहवाल काढण्यात गुंतते, मुनीमजींचे बिल अडून राहते. पंधरा मिनिटांत चार मिनिटे म्हणजे दिवसाचा चौथा हिस्सा बिले बंद! तेही बहुतेक वेळा कुणालाच आकडा नको असताना.

आमचे मत असे की ताजा आकडा केव्हा हवा हे घड्याळाला कळत नाही, ते ग्राहकाशी बोलणाऱ्या माणसाला कळते. म्हणून रात्रीची पाळी कायम ठेवावी आणि दिवसा गरज पडेल तेव्हा तक्ता ताजा करून घेण्याचा अधिकार गादीवरच्या माणसाला द्यावा. त्याला संगणकाचे ज्ञान असण्याची गरज नाही. एक साधा फॉर्म पुरेसा आहे.

काही व्यापारी बांधव म्हणतील की नोकरमाणसांच्या हाती अशी चावी देणे धोक्याचे. पण फॉर्म ही चावी नसून अर्जी आहे. आमच्या गुगल फॉर्ममध्ये दोनच प्रश्न आहेत, नाव आणि कारण. कारणे तीन दिली आहेत : ग्राहक थांबला आहे, चलन आत्ताच चढले, आकडा चुकीचा वाटतो. फॉर्म भरला की एका शीटमध्ये एक ओळ पडते, बस्स. गोदामातील संगणक दर पाच मिनिटांनी ती शीट पाहतो. नवी ओळ दिसली तर टॅलीकडून आकडे मागतो, तक्ता भरतो आणि त्या ओळीपुढे ‘झाले’ असे लिहितो. बाहेरून कुणी आमच्या संगणकात शिरत नाही. संगणकच बाहेर डोकावून पाहतो. पासवर्ड गोदामातच राहतो आणि फॉर्मही आम्ही ठरवलेल्या खात्यांनाच उघडतो.

दिवसाचे हे काम आम्ही मुद्दाम हलके ठेवले आहे. त्यात फक्त लॉटवार शिल्लक येते आणि ते मिनिटाच्या आत आटोपते. उधारी, पार्टीची खाती, माल किती दिवस पडून आहे, हे सारे रात्रीच. शिवाय दिवसभर कुणी फॉर्म भरलाच नाही तरी सकाळचा तक्ता बरोबर मिळतो, म्हणून रात्रीची पाळी बंद करण्याची चूक कुणी करू नये.

सुरुवातीला दोन गोष्टी बिघडल्या. पहिली, घाई. फॉर्म भरल्यावर लगेच काही दिसले नाही की माणूस पुन्हा भरतो, तिसऱ्यांदा भरतो. मग संगणक तीनदा तेच काम करी आणि मुनीमजी वैतागत. आता प्रलंबित सगळ्या ओळी एकाच फेरीत निकाली निघतात आणि दोन फेऱ्यांत किमान वीस मिनिटांचे अंतर राहते. मागची फेरी ताजी असेल तर ओळीपुढे तसे लिहून येते. फॉर्मच्या डोक्यावरही लिहिले आहे की साधारण सहा मिनिटे थांबावे. ग्राहकाला ‘दहा मिनिटांत उलट फोन करतो’ म्हटले तर तो रागावत नाही.

दुसरी चूक जास्त घातक होती. तक्त्याच्या वर ‘शेवटची वेळ’ असते. आमच्या पहिल्या रचनेत ती आधी लिहिली जात होती आणि आकडे नंतर. टॅली बंद असली की तिच्याकडून उत्तरच येत नाही. एके दिवशी दुपारी ती बंद होती. तक्त्यावर वेळ नवी आली, आकडे मात्र रात्रीचे राहिले. शिळा आकडा शिळा दिसतो तोवर माणूस सावध असतो. ताज्या वेळेचा शिक्का बसला की तो बेफिकीर होतो. आता आकडे प्रथम बाजूच्या शीटमध्ये उतरतात. लॉटची संख्या मागच्या वेळेपेक्षा निम्म्याहून कमी आली तर तक्त्याला हात लागत नाही आणि ओळीपुढे ‘अपुरे, मुनीमजींना विचारा’ असे येते. सर्व ठीक असेल तरच तक्ता बदलतो आणि वेळ सर्वांत शेवटी लिहिली जाते. लिहायची ती मात्र टॅलीतून आकडे वाचायला सुरुवात केली ती वेळ, कारण आकडे त्याच घडीचे असतात.

महिनाअखेरीस अर्ज्यांची यादी आम्ही बसून वाचली. ‘आकडा चुकीचा वाटतो’ या कारणाच्या बहुतेक अर्ज्यांत तक्ता टॅलीशी तंतोतंत जुळत होता. मग चूक कुठे? माल गेटबाहेर पडला होता आणि चलन संध्याकाळी चढले होते. जे टॅलीतच नाही ते फॉर्म कितीदा भरला तरी तक्त्यात कुठून येणार? तेव्हापासून नोंद झाल्याशिवाय टेम्पो सोडायचा नाही असा नियम केला. ही कमतरता रात्रीच्या पाळीत वर्षानुवर्षे झाकली गेली होती, कारण सकाळपर्यंत नोंद होऊन जाई.

एक मर्यादा अजून उरली आहे. फॉर्म आकडा ताजा करतो, माल राखून ठेवत नाही. दोन माणसांनी एकाच वेळी ताजा तक्ता पाहून तेच २५ तागे दोन ग्राहकांना कबूल केले तर तक्ता त्यांना अडवणार नाही. त्यासाठी आम्ही तक्त्याच्या शेजारी ‘बोली झाली’ असा रकाना ठेवला आहे. तो सौदा करणाऱ्यानेच हाताने भरायचा असतो, आणि संगणकाच्या फेरीत त्याला हात लागत नाही.

ज्या बांधवांचे गोदाम एकीकडे आणि गादी दुसरीकडे आहे, त्यांनी उद्या एकच गोष्ट करून पाहावी. दुपारी १ वाजता तक्त्यातला एक लॉट निवडावा आणि गोदामात माणूस पाठवून तागे मोजून घ्यावेत. जो फरक निघेल, तेवढ्या मालाचा शब्द आपण रोज हवेत देत असतो.