'कुणीकडं?' ही चौकशी नव्हे

विट्याच्या बसस्थानकावर किंवा म्हसवडच्या बाजारात दोन ओळखीची माणसे भेटली, की 'रामराम'पाठोपाठ प्रश्न येतो, 'काय पाव्हणं, कुणीकडं?' उत्तर मिळते, 'हे काय, हितंच जरा.' विचारणाऱ्याला काहीच कळलेले नसते, तरी दोघेही समाधानाने पुढे जातात. शहरातून बदलून आलेल्या कारकुनास वा शिक्षकास मात्र हा आगाऊपणा वाटतो. 'यांना काय करायचे आहे?' असे तो मनात म्हणतो आणि गावात शिष्ट ठरतो.

वस्तुतः ही चौकशीच नव्हे. माहिती देण्याघेण्यासाठी नव्हे, तर केवळ संबंध जुळावा म्हणून होणाऱ्या बोलण्याचे विवेचन मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली केले, तेव्हा त्यांनी मेलानेशियातील 'कुठून आलास?' याच प्रश्नाचा दाखला दिला होता. चिनी माणूस 'जेवलात का?' म्हणतो, थाई माणूस 'कुठे निघालात?' म्हणतो. इंग्रजांचा 'हॅलो' तरी काय, मुळात लक्ष वेधण्याची हाळीच; टेलिफोनने तिला प्रतिष्ठा दिली.

दुष्काळी मुलुखात भुकेचीच चिंता, म्हणून 'जेवला का?' रूढ झाले, असे काही जण सांगतात. हे पटत नाही. तसे असते तर हा प्रश्न माण-आटपाडीपुरताच राहता. पाणी मुबलक असलेल्या कृष्णाकाठी, वाळवा तालुक्यात, तो ऐकू येता ना. जेवण, प्रकृती आणि प्रवास हे विषय निवडले जातात ते त्यांचे उत्तर कोणाजवळही तयार असते म्हणून. कर्जाविषयी कोणी वाटेत विचारीत नाही. शिवाय निघालेल्या माणसाला 'कुठं?' विचारणे अपशकुनाचे मानतात. म्हणून जुनी माणसे आवर्जून 'कुणीकडं' म्हणतात. उत्तराची खरोखर निकड असती, तर शब्दांची एवढी काळजी कोण घेता?

तथापि हा प्रश्न पोकळ आहे असेही नाही. दुपारी चार वाजता रस्त्यात विचारलेले 'जेवला का?' हा नमस्कारच. पण तोच प्रश्न बारा वाजता उंबऱ्यावर आला, की त्याचा अर्थ ताट असा होतो. पाहुणा रीतीप्रमाणे 'आत्ताच जेवून निघालो' म्हणतो, भूक असली तरीही. खरे आमंत्रण ओळखायचे ते दुसऱ्यांदा विचारण्यावरून आणि पुढे आलेल्या पाण्याच्या तांब्यावरून.

'रामराम'ला 'रामराम' म्हटले की व्यवहार संपतो. प्रश्नाचे तसे नाही. 'बरं हाय न्हवं?' याला शंभरदा 'बरं हाय' एवढेच उत्तर येते. एखाद्या वेळी मात्र समोरचा म्हणतो, 'कशाचं बरं!' मग विचारणाऱ्याला हातातली पिशवी खाली ठेवावी लागते. आटपाडीची गाडी फलाटाला लागलेली असते. ती निघून जाते.