पट्ट्यांखालचा आकडा आणि मालाचे गाव



आमच्या एका वाचकांचे कल्याणजवळच्या वस्तीत किराणा आणि जनरल मालाचे लहानसे दुकान आहे. मुंबईच्या ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून ते माल उचलतात त्याला त्यांनी एक पत्र लिहिले आणि त्याची नक्कल आमच्याकडे धाडली. "शेठ काय उत्तर देतील ते देतील, पण खरे काय ते तुम्ही सांगा," अशी सोबत चिठ्ठी आहे. नावे गाळून ते पत्र आम्ही देत आहोत, कारण हा प्रश्न पुष्कळ घरांत आणि दुकानांत पडलेला आहे.

"मा. शेठजी यांस, स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्याकडून चार्जिंगच्या टॉर्चची एक पेटी आणली. चोवीस नग, नगाला ११० रुपये, एकूण २,६४० रुपये रोख दिले. आपला माणूस म्हणाला की माल इंडियाचा आहे, बारकोड बघा, ८९०ने सुरू होतो. मी तेच गिऱ्हाइकांना सांगितले आणि अकरा नग विकले. परवा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने खोक्याची खालची बाजू मला वाचून दाखवली. तिथे बारीक अक्षरांत 'मेड इन चायना' आहे. आता वस्तीतले लोक मला खोटारडा म्हणतात. हेच लोक माझ्याकडे महिन्याची उधारी ठेवतात, माझे दुकान त्यांच्या विश्वासावर चालते. तरी कळवावे की ८९० आकड्यावरून माल कोठे तयार झाला हे खरोखर कळते काय? कळत असेल तर खोक्यावर चीन कसे? कळत नसेल तर आपल्या माणसाने तसे का सांगितले? उरलेल्या तेरा नगांचे १,४३० रुपये अडकले आहेत, त्यांचे काय करावे?"

पत्र नीट आहे, प्रश्नही नेमका आहे. त्याचे सरळ उत्तर असे की, नाही, कळत नाही. ८९० हा आकडा माल कोठे तयार झाला हे सांगत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की ज्या कंपनीच्या नावाने हा माल विकला जातो, तिने आपला नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे.

हे समजण्यासाठी तो नंबर मिळतो कसा ते पाहू. जगभर असे नंबर वाटणारी एक संघटना आहे, तिचे नाव जीएस-वन. देशोदेशी तिच्या शाखा आहेत. आपल्याकडची शाखा १९९६ साली सुरू झाली आणि तिच्या वाट्याला ८९० हा आकडा आला. चीनच्या शाखेकडे ६९० ते ६९९ हे आकडे आहेत, इंग्लंडच्या शाखेकडे ५०० ते ५०९. एखाद्या कंपनीला आपल्या मालावर बारकोड छापायचा असला की ती यांपैकी एका शाखेकडे पैसे भरून नाव नोंदवते. शाखा तिला सुरुवातीचे काही आकडे देते आणि पुढचे आकडे कंपनी आपल्या एकेका वस्तूला स्वतःच लावते. कारखाना कुठे आहे हे त्या नंबरात कुठेही येत नाही.

आता वरच्या टॉर्चचेच पाहा. समजा मुंबईच्या एका कंपनीने भारतातल्या शाखेत नाव नोंदवले आणि नंबर घेतला. टॉर्च तिने चीनमधल्या कारखान्यातून बनवून घेतले, खोके आपल्या नावाचे छापले, त्यावर आपलाच नंबर टाकला आणि जहाजाने माल इथे आणला. म्हणजे बारकोड ८९०चा आणि माल चीनचा. यात नंबराची काही फसवणूक नाही. आकडा कंपनीची नोंदणी सांगतो, ती भारतातली आहे. 'मेड इन चायना' ही अक्षरे कारखाना सांगतात, तो चीनमधला आहे. दोन्ही खरे. खोटे होते ते त्या माणसाचे तोंडी बोलणे.

याच्या उलटही घडते. बाहेरच्या देशातली एखादी कंपनी आपल्या देशातल्या शाखेचा नंबर वापरते आणि तोच माल भारतातल्या कारखान्यात तयार करून घेते. तेव्हा बारकोड ५००ने सुरू होईल, पण माल आपल्याच कामगारांच्या हातचा असेल. आकडा पाहून असा माल परदेशी म्हणून परत करणारे गिऱ्हाईक आपल्याच माणसांचा माल नाकारत असते.

असे का ठेवले, कारखान्याचा आकडा का घातला नाही, असे कोणी विचारील. बारकोड मुळात गल्ल्यावरचे काम लवकर व्हावे म्हणून निघाला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका मोठ्या दुकानात च्युइंगमचे पाकीट पहिल्यांदा असे यंत्रावर वाचले गेले. त्या काळ्या पट्ट्यांत वस्तूचे नाव नसते, किंमतही नसते. असतो तो फक्त नंबर. नाव आणि किंमत दुकानाच्या संगणकात आधीच भरून ठेवलेली असते. एकच साबण, एकाच वजनाचा, एकाच वेष्टणातला, दोन राज्यांतल्या दोन कारखान्यांत तयार होत असला तरी त्याला नंबर एकच असतो, कारण गल्ल्यावर त्याची किंमत एकच असते.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी घरातले एखादे मराठी पुस्तक उलटे करून पाहावे. त्याच्या पाठीवर बारकोड असेल तर तो बहुधा ९७८ने सुरू होतो. जगाच्या नकाशावर ९७८ नावाचा देश नाही. तो आकडा पुस्तकांसाठी राखून ठेवलेला आहे, मग पुस्तक पुण्यात छापलेले असो की लंडनमध्ये. २० ते २९ ने सुरू होणारे आकडेही असेच कोणत्या देशाचे नाहीत. मोठी दुकाने वजन करून दिलेल्या भाजीवर, फळांवर आपल्यापुरता बारकोड चिकटवतात, त्यासाठी ते ठेवले आहेत.

शेवटच्या आकड्याबद्दलही एक गैरसमज असतो की तो जुळला म्हणजे माल अस्सल. तोही पाहून घेऊ. मुलांना हिशेब करायला द्यावा. समजण्यापुरता ८९०१२३४५६७८९० हा नंबर घेऊ. शेवटचा शून्य बाजूला ठेवला की बारा आकडे राहतात. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक घेतले तर ८, ०, २, ४, ६, ८ यांची बेरीज २८. राहिलेले ९, १, ३, ५, ७, ९ यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. या बेरजेत किती मिळवले म्हणजे ती दहाने पुरी भागली जाईल? १३० आधीच भागली जाते, म्हणून शेवटचा आकडा शून्य. आता यंत्राने चुकून ३च्या जागी ८ वाचला तर बेरीज १४५ होते, शेवटचा आकडा ५ हवा असतो, तो जुळत नाही आणि यंत्र नंबर घेत नाही. या आकड्याचे काम एवढेच, वाचण्यातली चूक पकडणे. नकली मालावर अस्सल मालाचा नंबर जसाच्या तसा छापला तर हिशेब तिथेही बरोबरच येईल.

मग हा समज पसरला कसा? जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले जवान मारले गेले, त्यानंतर चिनी माल घेऊ नका असे निरोप मोबाईलवर फिरू लागले. त्यांत देशांच्या आकड्यांची यादी असे, ६९० दिसला की चीन आणि ८९० दिसला की भारत. यादीतले बरेच आकडे खरे होते. फक्त ते शाखांचे होते, कारखान्यांचे नव्हते. अर्धे खरे असल्यामुळेच लोकांना ते पटले.

माल कोठला हे जाणण्याची खरी जागा पट्ट्यांखाली नाही, बारीक अक्षरांत आहे. वेष्टनबंद मालाचे नियम २०११ सालचे आहेत. त्यांप्रमाणे खोक्यावर तयार करणाऱ्याचे, वेष्टन करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. बाहेरून आलेल्या मालावर तो कोणत्या देशातला हेही छापणे १ जानेवारी २०१८ पासून सक्तीचे आहे. वाचताना एका ठिकाणी मात्र जपावे. 'मार्केटेड बाय' म्हणजे विकणारा आणि 'पॅक्ड बाय' म्हणजे वेष्टन करणारा. त्यांच्यापुढे मुंबईचा पत्ता असला म्हणजे माल मुंबईत झाला असे होत नाही. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' म्हणजे तयार करणारा. 'इम्पोर्टेड बाय' असेल तर माल बाहेरचा, मग देशाचे नाव शोधायचे. ही माहिती पुष्कळदा वेगळ्या कागदावर छापून चिकटवलेली असते, त्यात वावगे काही नाही. कागदच नसेल, पत्ता अर्धवट असेल, तर मात्र तो माल दुकानात घेऊ नये. वजनमापे खात्याचे निरीक्षक आले तर तो माल विकणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो.

आता दुकानदार बंधूंच्या तेरा नगांकडे येऊ. खोक्यावर देशाचे नाव आहे, आयात करणाऱ्याचा पत्ता आहे, म्हणजे माल विकण्यास योग्य आहे. चिनी म्हणून तो विकायला कायद्याची आडकाठी नाही. पण गिऱ्हाइकाला तळाची अक्षरे आधी दाखवावीत आणि मग घ्यायचे की नाही ते त्याच्यावर सोडावे. आधीच्या अकरा जणांपैकी कोणी परत आले तर "मला तसे सांगितले होते, ते चुकीचे निघाले" असे म्हणून पैसे द्यावेत किंवा वस्तू बदलून द्यावी. त्या नगांची आणि उरलेल्या तेरांची भरपाई शेठकडे मागावी. मागणीचा आधार त्यांच्या माणसाचे चुकीचे सांगणे हा ठेवावा, बारकोड हा नव्हे. बारकोडवरून भांडायला गेलात तर शेठ म्हणतील, "८९० आहेच की," आणि ते खोटेही ठरणार नाही.

म्हणून पत्र पाठवायच्या आधी त्यातला मुख्य प्रश्न बदलावा असे आम्ही त्यांना कळवले आहे. "८९०वरून माल कोठला ते कळते काय?" याऐवजी असे लिहावे: "हा माल कोणत्या देशात तयार झाला आणि आयात कोणी केला, ते आपल्या बिलावर लिहून द्यावे. यापुढे प्रत्येक पेटीचे बिल तसेच द्यावे." तोंडी सांगणारा माणूस उद्या नाकबूल होईल, बिलावर लिहिलेले राहते. गिऱ्हाइकांनीही पक्के बिल मागून घ्यावे. चुकीची माहिती देऊन माल गळ्यात मारला गेला असेल तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तिथेही बिल उपयोगी पडते.