अहवालातील आकडे आणि माणसे

वरिष्ठांनी लिहिलेला गोपनीय अहवाल बँकेतील जुन्या पिढीच्या परिचयाचा होता. अलीकडे काही संस्थांत सहकारी आणि कनिष्ठ यांचेही मत घेतले जाते. आपण काम कसे करतो हे कनिष्ठांना रोज दिसते. वरिष्ठांना बहुधा केवळ त्याचे फलित दिसते.

मत मागताना निवड महत्त्वाची. किमान सहा महिने बरोबर काम केलेली माणसे घ्यावीत आणि त्यांत मतभेद असणारेही असावेत. कनिष्ठांच्या गटात तिघांहून कमी असतील तर नाव लपत नाही, आणि मग प्रामाणिक उत्तरही येत नाही.

समजा, वसमत येथील एका शाखाधिकाऱ्याच्या हाती असा अहवाल आला. ‘इतरांचे म्हणणे ऐकून घेतात’ या विधानापुढे पाचपैकी त्याने स्वतःला ४ गुण दिले होते. वरिष्ठांनी ४ दिले, तीन सहकाऱ्यांची सरासरी ३.७ आली आणि चार कनिष्ठांची मात्र २.७५. छातीत धस्स होते ते येथेच, आणि ‘हा एक गुण कोणी दिला?’ हा शोधही येथूनच सुरू होतो. तो शोध करूच नये. अंदाज बहुधा चुकतो, आणि कर्मचाऱ्यांना त्याचा सुगावा लागला तर पुढील वर्षी सर्वांना पाचच गुण मिळतात!

त्या दिवशी अहवाल मिटून ठेवावा. दुसऱ्या दिवशी सरासरीऐवजी किती जणांनी कोणता गुण दिला ते पाहावे. येथे कनिष्ठांचे गुण ४, ४, २ आणि १ असे होते. म्हणजे सारे नाराज नव्हते. गट दुभंगलेला होता. चार जणांत एकाचा गुण वगळला तरी सरासरी ३.३ होते, म्हणून दशांशावर रडू नये.

मग शेरे वाचावेत. एकाच शेऱ्यावरून निष्कर्ष काढू नये, पण दोघांनी वेगळ्या शब्दांत तेच लिहिले असेल तर थांबावे. येथे दोघांचे म्हणणे होते की हळदीच्या हंगामात गर्दी असताना साहेब कर्जाविषयीचा निर्णय बदलतात आणि तो आम्हांला ग्राहकासमोरच कळतो. म्हणजे दोष ‘ऐकण्या’त नव्हता, निर्णय कळवण्यात होता. त्यावर उपाय साधा: सकाळी काउंटर उघडण्यापूर्वी दहा मिनिटांची बैठक. महिन्याने त्याच मंडळींना विचारावे, ‘आता निर्णय वेळेवर कळतात का?’

हे सारे सुधारणेसाठी असेल तरच चालते. बढती त्यावर ठरू लागली की हिशेब बदलतो. केंद्र शासनातील वरिष्ठ पदांच्या निवडीसाठी अशी पद्धत आली, तेव्हा २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने ती अपारदर्शक आणि व्यक्तिनिष्ठ असल्याचा आक्षेप घेतला होता. म्हणून प्रश्नपत्रिका भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे: हा अहवाल आणखी कोण वाचणार आहे?