नव्या पाहुणीला आधी काय दाखवाल?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहीजणी आपल्या पाककृती ब्लॉगवर लिहितात. दोन-तीन वर्षांत दीडशे लेख सहज जमतात. पण पहिल्यांदाच आलेल्या वाचकाला काय दिसतं? बहुतेक ब्लॉगांवर सगळ्यात वर असतो तो शेवटचा लेख! तो पन्ह्याचा असला आणि तिला हव्या असल्या मऊ पोळ्या, तर ती आल्या पावली परत जाते. पोळ्यांचा तुमचा छान लेख राहतो तळाशी.

यावर उपाय म्हणजे 'इथून सुरुवात करा' असं एक वेगळं पान. वर्डप्रेस वापरत असाल, तर ते Posts मध्ये न लिहिता Pages मध्ये लिहा. Posts मधला लेख नवे लेख आले की खाली सरकतो, पान मात्र जागेवर राहतं. त्याचं नाव वरच्या मेनूत घालायला विसरू नका हं!

आता विभाग कसे पाडायचे? 'भाज्या', 'गोडाचे', 'संकीर्ण' ही मांडणी आपल्या सोयीची. येणारी बाई अडचण घेऊन येते. म्हणून तिच्याच शब्दांत विचारा: 'नुकताच स्वयंपाक शिकताय?', 'उद्या डब्याला काय?', 'घरात उपवास आहे?', 'दिवाळीचा फराळ करताय?' असे चार विभाग पुरेत. प्रत्येकात तीनच लेख ठेवा. बारांचे चाळीस झाले, की ती पुन्हा गोंधळलीच समजा.

लेख निवडताना नुसता वाचनाचा आकडा पाहू नका. जुन्या लेखांचा आकडा वर्षांमुळेही फुगतो. समजा, 'चकलीचे सात प्रकार' सर्वांत जास्त वाचला गेलाय. पण पहिल्यांदा चकली करणारीला आधी हवा तो 'चकली तेलात का विरघळते?' हा लेख. मोहन जास्त झालं तर असं होतं, हे तिथे कळतं. तोच पहिला ठेवा. प्रत्येक नावाखाली एक ओळ लिहा: 'चकली तळताना सुटत असेल, तर हे आधी वाचा.' नुसत्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही.

पान झालं, की शेजारणीच्या हाती फोन द्या आणि म्हणा, "उपवासाचं काहीतरी शोधून दाखवा बघू." तुम्ही मात्र गप्प बसा. तिचं बोट वर-खाली फिरत राहिलं, तर विभागाचं नाव चुकलंय किंवा तो फार खाली गेलाय.

आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक दुवा स्वतः उघडून पाहा. मधेच लेखाचा पत्ता बदलला किंवा लेख काढून टाकला, तर पाहुणीला नुसतंच बंद दार दिसेल. नवा चांगला लेख घालायचा असेल, तर जुना एक काढा. तीनाचा नियम मोडू नका.