‘कृती करा’ म्हणजे नक्की काय करा?

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर वाचाच.

‘डिजिटल अरेस्ट’चे प्रकार आता आपल्या तालुक्यापर्यंत आलेत, हे वेगळं सांगायला नको. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही आणि शेवटी ‘पडताळणीसाठी’ पैसे भरायला लावतो. याबद्दल जागृती करणारं साहित्य भरपूर आहे, पण बहुतेक इंग्रजीत. मग कुणीतरी ते मराठीत करतं, आणि तिथे घोळ होतो.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं असंच एक इंग्रजी कॅरोसेल मराठीत करायला माझ्याकडे दिलं. (कॅरोसेल म्हणजे इन्स्टा-फेसबुकवर बोटानं सरकवत बघायची कार्डं. यात सहा होती.) सोबत कुणीतरी आधी केलेलं भाषांतरही होतं. पहिल्या कार्डावर इंग्रजीत होतं, ‘डिजिटल अरेस्ट इज नॉट अ थिंग. पिरियड.’ त्याचं मराठी असं: ‘डिजिटल अटक ही गोष्ट अस्तित्वात नाही. पूर्णविराम.’

व्याकरणाची चूक एकही नाही. पण हे वाक्य मी आमच्या शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘बरं, मग?’ संपला विषय. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘पिरियड’ ऐकून टेबलावर हात आपटल्यासारखं वाटतं. मराठीत ‘पूर्णविराम’ म्हटलं की पाचवीचं शुद्धलेखन आठवतं.

इंग्रजी कार्डाचा अर्धा जोर तर शब्दांत नसतोच. तो कॅपिटल अक्षरांत असतो. सगळं वाक्य कॅपिटलमध्ये टाकलं की ते ओरडतं. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही. अक्षर जाड करा, लाल करा, तीन उद्गारचिन्हं ठोका, त्यानं फार तर वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखं दिसेल. मराठीत जोर आणायचा तर तो वाक्यातूनच आणावा लागतो, आणि आपलं क्रियापद शेवटी येतं ही त्यासाठी सोयीची गोष्ट आहे. वाक्य जिथे थांबतं तिथेच ठोका बसतो.

म्हणून मी इंग्रजी वाक्य बाजूला ठेवलं आणि विचारलं: काकूंना असा फोन आला आणि मी शेजारच्या खोलीत असलो, तर काय ओरडून सांगेन? ‘अहो काकू, फोनवर कुठे अटक होत असते का!’ हेच म्हणेन. त्यातून पहिल्या कार्डाचं वाक्य मिळालं:

फोनवर अटक होत नसते.

चार शब्द. ‘होत नाही’ न लिहिता ‘होत नसते’ लिहिलंय, ते मुद्दाम. ‘होत नाही’ म्हटलं की आज होत नसेल, उद्या होईल, अशी फट राहते. ‘नसते’ म्हटलं की जगाचा नियम सांगितल्यासारखं वाटतं. ‘पिरियड’चं काम हा एक ‘नसते’ करतो.

याहून खणखणीत एक वाक्य चर्चेत आलं होतं: ‘पोलीस कधीच फोन करत नाहीत.’ संघातल्या दोघा-तिघांना ते फार आवडलं. मी नको म्हटलं, कारण ते खोटं आहे. पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यातून फोन येतो, जबाबाला बोलवायलाही येतो. कार्ड वाचलेल्या माणसाला उद्या असा खरा फोन आला, की त्याचा कार्डावरचा विश्वास उडाला. अटकेचं तसं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या सीआरपीसीच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेला कायदा) अटक कशी करायची ते कलम ४३ मध्ये दिलंय. माणूस स्वतःहून ताब्यात आला नाही, तर त्याला प्रत्यक्ष हात लावून किंवा अडवून अटक करायची असते. व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही. वाक्य खणखणीत हवंच, पण खणखणीत करण्याच्या नादात ते खोटं होत असेल तर थोडं मऊ चालेल.

‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द मात्र मी काढला नाही. ‘अंकीय अटक’ वगैरे करायचं तर कुणाचाच उपयोग नाही. भामटे स्वतः फोनवर ‘डिजिटल अरेस्ट’च म्हणतात. तो शब्द कानावर पडताच डोक्यात घंटा वाजायला हवी, म्हणून तो जसाच्या तसा दुसऱ्या कार्डावर: ‘‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला? म्हणजे भामटाच.’

हाच न्याय तिसऱ्या कार्डाला. भामटा काय बोलतो ते तिथे दिलंय. आधीच्या भाषांतरात होतं, ‘तुमच्या नावे असलेले एक पार्सल अडविण्यात आले असून त्यात अमली पदार्थ आढळून आले आहेत.’ असं मराठीत कोण बोलणार आहे? हे फोन बहुतेक हिंदीत येतात. मग मी ती वाक्यं हिंदीतच ठेवली: ‘आपके नाम का पार्सल पकड़ा गया है’, ‘आपके आधार पर केस है’. मराठी कार्डावर हिंदी कशाला, असं एकानं विचारलं. माणसाला जे ऐकू येणार आहे तेच कार्डावर असेल तर तो ओळखेल. भामट्याचं भाषांतर करून आपण त्याला अनोळखी करून टाकतो.

आता मुख्य गोष्ट. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या फसवणुकीवर ‘रुको, सोचो, ॲक्शन लो’ असा मंत्र दिला होता. इंग्रजी कॅरोसेलमध्ये तो ‘स्टॉप. थिंक. टेक ॲक्शन.’ असा आला, आणि आधीच्या मराठीत ‘थांबा. विचार करा. कृती करा.’

कृती? कसली, पुरणपोळीची? मराठीत नुसतं ‘कृती’ म्हटलं की आपल्याला साहित्य आणि कृती आठवते. (‘सावधान!’चंही तसंच. आपल्याकडे एक तर मंगलाष्टकं चालू असतात नाहीतर पीटीचा तास.) पण विनोद सोडा. ‘ॲक्शन लो’ हिंदीत चालून जातं, कारण बोलता बोलता ते तसंच म्हणतात. ‘कृती करा’ आपण कुणीच कुणाला म्हणत नाही. नक्की काय करायचं ते त्यातून कळत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढंच तर कळायला हवं असतं.

‘विचार करा’चं दुखणं आणखी खोल आहे. या फसवणुकीची सगळी रचनाच अशी, की माणसाला विचार करता येऊ नये. ‘कुणाला सांगू नका, सांगितलंत तर तेही अडकतील’, ‘कॅमेरा बंद केलात तर लगेच टीम पाठवतो’. तास न् तास हे ऐकणाऱ्या माणसाला ‘विचार करा’ सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहा म्हणण्यासारखं. त्याला एकटं पाडलंय. ते एकटेपण मोडायला हवं. म्हणून ‘विचार करा’तला ‘कर’ काढून टाकला. राहिलं ‘विचारा’. मुलाला विचारा, शेजाऱ्याला विचारा, किराणा दुकानदाराला विचारा. दुसऱ्या माणसाच्या कानावर गोष्ट गेली की बहुतेक वेळा तिथेच फुगा फुटतो.

थांबा. कट करा. विचारा.

‘कट करा’वरही बराच खल झाला. इंग्रजीत ‘हँग अप’ होतं. आधी होतं ‘फोन बंद करा’. धोका असा, की आपली जुनी माणसं ‘बंद करा’ म्हटलं की मोबाइल स्विच ऑफ करतात. मग मुलाला विचारणार कशावरून, आणि तक्रारीचा फोन लावणार कशावरून? ‘फोन ठेवा’ गोड आहे, पण तो लँडलाइनचा शब्द. ‘कट करा’ भाजीवाल्यापासून आजीपर्यंत सगळे म्हणतात. शब्द इंग्रजी असला म्हणून काय झालं, आपलाच आहे आता.

पाचव्या कार्डावर इंग्रजीत नुसतं ‘रिपोर्ट इट’ होतं. त्या एका शब्दात दोन वेगळी कामं आहेत, मराठीत ती वेगळी केली. पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता १९३० ला फोन, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार. पैसे भामट्याच्या खात्यातून पुढे निघून जायच्या आत अडवता आले तरच अडतात, म्हणून ही घाई. फोन लावताना व्यवहाराचा नंबर, रक्कम, तारीख-वेळ आणि आपली बँक हे समोर असू द्यावं. पैसे गेले नाहीत, नुसता फोन आला, तर ‘संचार साथी’वर ‘चक्षु’ म्हणून सोय आहे, तिथे तो नंबर कळवायचा. कार्डावर आकडा इंग्रजी अंकांत, 1930 असाच ठेवला. मोबाइलच्या डायलवर तसाच दिसतो, शोधावं लागत नाही.

शेवटच्या कार्डावर ‘टॅग समवन हू नीड्स टू सी धिस’. ज्यांना हे दिसायला हवं ते इन्स्टावर नाहीतच! त्यांची मुलं आहेत, पुण्यात, मुंबईत, काहींची दुबईत. म्हणून तिथे लिहिलं: ‘आज घरी फोन कराल तेव्हा आईबाबांना एवढं एकच वाक्य सांगा.’ आणि खाली पुन्हा, फोनवर अटक होत नसते.

ते वाक्य पहिल्या कार्डावर पूर्ण सांगून टाकलं याबद्दल डिझाइन करणारा मुलगा नाराज होता. त्याच्या मते पहिल्या कार्डानं उत्सुकता वाढवायची, उत्तर पुढे द्यायचं. ‘हा एक फोन तुमचं खातं रिकामं करू शकतो, स्वाइप करा’ असं काहीतरी. इन्स्टावर ते बरोबर असेल. पण आपल्याकडे कॅरोसेल पुढे सरकत नाही, त्याचं पहिलं कार्ड स्क्रीनशॉट होऊन व्हॉट्सॲपवर फिरतं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर नुसतं ‘स्वाइप करा’ पोहोचलं तर लोक बोट फिरवत बसतील. पहिलं कार्ड एकटं सुटलं तरी त्यानं काम करायला हवं.

त्याला एक विनंती मात्र केली, आणि ती सगळ्या डिझाइनवाल्या पोरांना: इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी ओतताना दोन ओळींतलं अंतर वाढवा रे. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. चाळिशी लागलेल्या माणसाला ते वाचता येत नाही, आणि कार्ड त्याच्यासाठीच आहे.

चौथ्या कार्डाचं अजून अडलंय. इंग्रजीत ‘रेड फ्लॅग्ज’ आहे. आधीच्या भाषांतरातले ‘लाल झेंडे’ बघून एका कॉम्रेड मित्राला आनंद झाला, पण ते ठेवता येत नाहीत. ‘धोक्याची घंटा’ घासून गुळगुळीत झालीय. सध्या ‘इथेच ओळखा’ ठेवलंय. तुमच्याकडे याहून बरा, रोजच्या बोलण्यातला शब्द असेल तर कमेंटमध्ये टाका. शुक्रवारी संघ कार्डं छापायला देणार आहे.