तीन तारखांचा गणपती

गणपती जवळ आले की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर "यंदा कुठला शनिवार?" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. हॉल कधी मिळतो यावर बाप्पाची तारीख ठरते आणि आपल्या पिढीला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. २०२३ च्या सप्टेंबरात लेकीचा फोन आला आणि विचार करावा लागला.

ती तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. सोमवारी, १८ सप्टेंबरला दुपारी बारा वाजता तिची परीक्षा होती. तिची रूममेट ज्यू. तिने त्यांच्या सणासाठी सुट्टी मागितली आणि प्राध्यापकांनी एका ओळीत हो म्हटलं. मग ही म्हणाली, "आई, मीसुद्धा गणपतीची मागते. नेमकी तारीख सांग."

सांगायला गेले आणि माझीच पंचाईत झाली. घरातल्या कालनिर्णयात १९ सप्टेंबर, कॉलेजच्या सणांच्या यादीतही १९. आमच्या मंडळाचा गणपती शनिवारी, २३ तारखेला. आणि इथल्या देवळाच्या पत्रकात सोमवार, १८. लेक म्हणाली, "म्हणजे तुम्हालाच माहीत नाही आणि मी प्रोफेसरांना सांगू?"

रात्री बसून हिशेब केला. तिथी जगभर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते, आपली घड्याळं मात्र वेगळी असतात. त्या वर्षी चतुर्थी भारतात १८ तारखेला दुपारी पाऊणच्या सुमारास लागली आणि १९ ला दुपारी पावणेदोनपर्यंत होती. गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघतात. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच भाग केले तर त्यातला तिसरा म्हणजे मध्यान्ह. भारतात पूर्ण मध्यान्हभर चतुर्थी १९ लाच होती, म्हणून कालनिर्णय १९ म्हणतं. न्यूयॉर्कचं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास मागे. तिथे चतुर्थी १८ च्या पहाटे तीननंतर लागली आणि १९ च्या पहाटे चारनंतर संपली. मंगळवारच्या दुपारी तिथे पंचमी. म्हणजे देवळाचंच बरोबर होतं: तिच्यासाठी गणपती सोमवारी, साधारण साडेअकरा ते दोन. परीक्षा त्याच्या मधोमध.

तारीख सुटली, पण पोरगी वेगळ्याच ठिकाणी अडली होती. तिने पत्राचा मसुदा मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, "या दिवशी आम्हाला काम आणि अभ्यास निषिद्ध आहे." मी म्हटलं, हे कुणी सांगितलं? तर रूममेटच्या पत्रात तसं होतं. तिच्या धर्मात त्या दिवशी काम खरंच वर्ज्य असतं. आपल्यात नसतं. लेक वैतागली. "मग मला सुट्टी कशाला हवी? तू आणि बाबा सोमवारी ऑफिसला जाणार, गणपती शनिवारी करणार. माझं हे खोटंच झालं ना?" कॉलेजातल्या हिंदू विद्यार्थ्यांच्या गटात विचारलं तर ते म्हणाले, आमचा कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी आहे, पिझ्झा आहे, ये. मित्रमैत्रिणींना वाटत होतं, हिला परीक्षेचा अभ्यास झाला नाही म्हणून देव आठवला. खरं सांगायचं तर थोडी शंका मलाही आली होती.

शेवटी तिने कॅसलरॉकला आजीला फोन लावला. आमचं माहेर तिथलं. वडील रेल्वेत होते, घाटाच्या लाइनीवर. गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा हे हद्दीवरचं स्टेशन, इथे उतारूंचं सामान उघडून बघत. ते आईने सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. नातीचं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुझी ट्रंक उघडायला लावतायत म्हण की! उघड. जे आहे तेच दाखव."

मग तिने एक गोष्ट सांगितली, जी मलाही माहीत नव्हती. एका चवथीला वडील ड्यूटीवरून सकाळी परतायचे होते. रात्री दुधसागरच्या बाजूला दरड कोसळली आणि गाडी तिथेच अडकली. माटोळी बांधून झालेली, मूर्ती पाटावर, नैवेद्य तयार, आणि घरात पुरुषमाणूस नाही. शेजारणी म्हणाल्या, ते येईपर्यंत थांबा. आई थांबली नाही. दुपारी बाराला तिने स्वतः पूजा केली. मंत्र येत नव्हते, तेव्हा अथर्वशीर्षाऐवजी आरती म्हटली. वडील संध्याकाळी चिखलाने भरलेले आले, पाय धुतले, नमस्कार केला आणि जेवले. "तुझ्या आजोबांनी चवथीची रजा कधी मागितली नाही गो," ती म्हणाली. "गाड्या कोण सोडणार? पण पूजा बाराला झाली. शनिवारी नाही."

हे शेवटचं वाक्य मला होतं हे मी समजले.

लेकीने पत्र नव्याने लिहिलं. या दिवशी काम निषिद्ध नाही, पूर्ण दिवसाची सुट्टी नको. पूजा मध्यान्ही करायची असते, ती मी स्वतः करणार आहे, म्हणून साडेअकरा ते दोन एवढाच वेळ हवा. यादीतली १९ तारीख भारताची आहे, इथे तिथी १८ ला येते, ती का, हे चार ओळींत. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यातलं कलम २२४-ए सांगतं की धार्मिक श्रद्धेमुळे एखाद्या दिवशी येता आलं नाही, तर विद्यार्थ्याला ती परीक्षा नंतर देण्याची तशीच संधी मिळावी, तीही जादा शुल्क न घेता. त्यात सणांची यादी नाही, श्रद्धा विद्यार्थ्याची. प्राध्यापकांनी मंगळवारी सकाळी आठची वेळ दिली. तिथीच्या हिशेबावर त्यांनी दोन प्रश्न विचारले म्हणे, परीक्षेवर एकही नाही.

होस्टेलच्या खोलीत ज्योत पेटवायला बंदी, उदबत्ती लावली तर धुराचा अलार्म वाजणार. तिने मातीची वीतभर मूर्ती केली, बॅटरीची पणती लावली आणि खिरापतीला साखर-खोबरं ठेवलं. माटोळीच्या जागी खिडकीच्या दांडीला सफरचंदं आणि मक्याची कणसं बांधली. रूममेट पलंगावर मांडी घालून बसली होती. आजी फोनवर होती. कॅसलरॉकला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले आणि तिचा स्वतःचा गणपती दुसऱ्या दिवशी दुपारी बसायचा होता. "तुझा माझ्याआधी आला," ती म्हणाली. विसर्जन बादलीत झालं. ती माती अजून कुंडीत आहे.

त्या शनिवारी लेक मंडळाच्या गणपतीला आली, सोबत कॉलेजातली मराठी मैत्रीण घेऊन. तिचं कुटुंब नागपूरचं, बौद्ध. १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती मुलगी ती पाळते. आरतीला ती बाहेर थांबली, नंतर मोदक खायला आत आली. एक काकू तिचा हात धरून "अगं, मराठी ना तू, ये की" म्हणत तिला पुढे ओढायला लागल्या. लेक मध्ये पडली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण काकूंनी हात सोडला आणि तिच्या ताटलीत आणखी एक मोदक वाढला.

२०२५ ला पुन्हा तोच घोळ झाला, भारतात बुधवार २७ ऑगस्ट आणि इथे मंगळवार २६. २०२६ साली मात्र दोन्हीकडे १४ सप्टेंबर, सोमवार. मी त्या दिवसाची अर्धी रजा टाकली आहे. शनिवारी मंडळात भेटूच.